दोन मार्कांचा माणूस

नापास झालेली मुलं मेल करत नाहीत. ती स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहतात, या पायावरचा भार त्या पायावर घेतात आणि आपण ‘काय रे?’ म्हटलं की ‘काही नाही मॅडम’ म्हणून निघून जातात. पहिली येणारी मुलंही मेल करत नाहीत; त्यांना गरजच नसते. मेल करतो तो चाळीसपैकी ३३ मिळवणारा. ३३ हे त्याला कमी वाटतात असंही नाही. त्याच्या रूममेटला ३४ पडलेले असतात, हे खरं दुखणं.

मी हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. शेफचा उंच पांढरा टोप डोळ्यांपुढे ठेवून आलेल्या मुलांना इथे जंतूंची लॅटिन नावं पाठ करावी लागतात, आणि हा आपला विश्वासघात आहे असं बहुतेकांचं प्रामाणिक मत असतं. त्यामुळे माझ्या तासाला वर्गात एक शांत, सोशिक वातावरण असतं. अपवाद एकच. त्याला स्टाफरूममध्ये सगळे ‘रिचेकिंग’ म्हणतात. खरं नाव हजेरीपटावर आहे, पण ते उच्चारलं तर आमच्यातल्या निम्म्यांना ‘कोण तो?’ असं विचारावं लागेल.

रिचेकिंगचा परिचय मला पहिल्याच महिन्यात झाला, तोही माझ्या तासाला नव्हे. आमच्याकडे रोज सकाळी साडेआठला ग्रूमिंगची तपासणी असते. दाढी, नखं, बुटांचं पॉलिश, मुलींचा जाळीतला अंबाडा. सरांनी याच्या हनुवटीकडे बोट दाखवून ‘शेव्ह?’ एवढंच विचारलं. याने सरांना खिडकीपाशी नेलं, प्रकाशात हनुवटी वर केली आणि जे दिसतं आहे ती दाढी नसून सावली आहे, हे समजावून सांगितलं. दंड माफ झाला नाही, पण पन्नासचा पंचवीस झाला. त्या दिवसापासून जगातला कुठलाही आकडा हा बोलण्याची सुरुवात असते, शेवट नसतो, अशी त्याची धारणा झाली.

किचन प्रॅक्टिकलमध्ये याच्या व्हाइट सॉसमध्ये गुठळ्या झाल्या. शेफने चमचा उलटा करून दाखवला. हा म्हणाला, ‘शेफ, रस्टिक टेक्स्चर.’ मेसमध्ये पनीरची भाजी आली की हा आधी तुकडे मोजतो, मग शेजारच्या ताटातले मोजतो, मग मेसवाल्या काकांकडे जातो. भांडत नाही हं. आवाज कधी चढत नाही. ‘काका, काहीतरी गैरसमज झालाय’ अशीच त्याची सुरुवात असते. काका त्याला दोन तुकडे जास्त वाढतात आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या मुलाला दोन कमी. या दुसऱ्या मुलाने आजवर कधी तक्रार केलेली नाही. तो नापास होणाऱ्यांपैकी आहे.

तर अशा या मुलाचा मेल सत्रपरीक्षेचे पेपर दाखवले त्याच रात्री, म्हणजे १ वाजून ४३ मिनिटांनी, आला. विषयाच्या ओळीत होतं: ‘हंबल रिक्वेस्ट, प्रश्न ३ (आ), अर्जंट’.

आधी तो प्रश्न काय होता ते सांगते, म्हणजे तुम्हालाही मार्क द्यायला बसता येईल. लग्नाच्या रिसेप्शनसाठी २० किलो तांदळाचा भात सकाळी ११ वाजता शिजवून त्याच पातेल्यात झाकून ठेवला. रात्री ८ वाजता तो मोठ्या आचेवर परतून वाफाळता फ्राइड राइस वाढला. १० पासून मध्यरात्रीपर्यंत बऱ्याच पाहुण्यांना उलट्या सुरू झाल्या. ताप कोणालाच नाही, जुलाब थोड्यांनाच. तर हा कोणता जंतू असावा, आणि परतताना एवढी आच लागूनही हे कसं झालं? दोन मार्क.

याचं उत्तर उत्तरपत्रिकेत दीड ओळीचं होतं: ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस. कारण आचाऱ्याने हात धुतले नव्हते.’

मी शून्य दिलं होतं. आता मेल वाचा.

‘रिस्पेक्टेड मॅडम, आपण कुशल असाल अशी आशा करतो. आपल्या विषयाबद्दल मला मनापासून आदर आहे व राहील.’ यातल्या ‘व राहील’मध्ये निकाल काहीही लागो, अशी एक सावध तरतूद आहे. ‘मी हा मेल मार्कांसाठी करत नसून केवळ संकल्पना स्पष्ट व्हावी यासाठी करत आहे. तरी दोन मार्क द्यावेत.’

त्यापुढे मुद्दे. पहिला: आपल्याच नोट्समध्ये लिहिलं आहे की स्टॅफिलोकॉकसच्या विषबाधेत साधारण एक ते सहा तासांत उलट्या होतात आणि ताप बहुधा नसतो. इथे दोन ते चार तासांत उलट्या झाल्या, ताप नव्हता. दुसरा: आपल्याच नोट्सप्रमाणे स्टॅफिलोकॉकसचं विष उकळूनही जात नाही. म्हणून भात परतूनही त्रास झाला. तिसरा मुद्दा वाचताना मी चहाचा कप खाली ठेवला. ‘आदर्श उत्तरात आपण बॅसिलस सेरियस म्हटलं आहे. पण आपणच वर्गात सांगितलं होतं की नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने तो जंतू स्वतः पिऊन पाहिला तेव्हा त्याला सुमारे १३ तासांनी त्रास झाला, तोही जुलाबांचा. इथे पाहुण्यांना १३ तासांनी त्रास व्हायचा तर सकाळचे ९ वाजले असते. म्हणजे बॅसिलस निर्दोष आहे.’ चौथा: ‘माझी आजी आयुष्यभर रात्रीच्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करत आली. घरात कोणालाही कधीही काही झालेलं नाही. आजी आज ८१ वर्षांची आहे.’ पाचवा मुद्दा वैद्यकीय नव्हता: ‘लाल पेनाने मारलेली फुली गरजेपेक्षा मोठी आहे.’

आणि समारोप: ‘आपण चुकलात असं मी म्हणत नाही. मी बरोबर आहे एवढंच म्हणतो आहे.’

सोबत तीन फोटो. एक उत्तरपत्रिकेचा, एक माझ्या नोट्सच्या पानाचा, पिवळ्या हायलायटरने रंगवलेला, आणि एक पाठ्यपुस्तकाचा, त्यात डावीकडच्या मजकुरावर त्याचा स्वतःचा अंगठा. प्राचार्य सीसीमध्ये नव्हते. पण ते केव्हाही असू शकतात, असा एकंदर सूर होता.

दोन मार्कांसाठी पोराने दहा मार्कांचं लिखाण केलं होतं, आणि त्यातला बराचसा भाग बरोबर होता, हीच अडचण. पेपरात त्याने विषाचं नावही काढलेलं नव्हतं. मेलमध्ये ते टिकाऊ आहे, गरम करून जात नाही, सगळं व्यवस्थित आलं होतं. म्हणजे परीक्षा झाल्यावर, रूममेटचे मार्क कळल्यावर, रात्री एक वाजता त्याने तो धडा पहिल्यांदा वाचला होता. या जातीचा अभ्यास हा असाच उलटा असतो. परीक्षा आधी, वाचन नंतर.

दुसऱ्या दिवशी ग्रूमिंग आटोपल्यावर मी त्याला बोलावलं. तो फाइल घेऊन आला. फाइलवर लेबल होतं.

‘तुझा तिसरा मुद्दा आधी घेऊ,’ मी म्हटलं. तो खूश झाला. त्याच्या मते तोच सगळ्यांत भक्कम होता.

त्या नॉर्वेच्या माणसाचं नाव स्टाइनार हाउगे. ओस्लोत १९४०च्या दशकाच्या अखेरीस व्हॅनिला सॉस खाऊन लोक आजारी पडले. सॉस दाट व्हावा म्हणून घातलेल्या स्टार्चमधून जंतू आला, आणि सॉस आदल्या दिवशी करून बाहेरच ठेवला होता. संशय बॅसिलस सेरियसवर होता, पण तोवर या जंतूला निरुपद्रवी समजत. तेव्हा हाउगेने तो जंतू सॉसमध्ये वाढवला आणि पेलाभर सॉस स्वतःच पिऊन टाकला. पुढचे काही तास छान गेले, आणि मग सुमारे १३ तासांनी पोटात कळा आणि जुलाब. मी ही गोष्ट दरवर्षी सांगते, कारण वर्ग तेवढ्यापुरता जागा होतो. पण त्याच तासाला, वर्ग पुन्हा झोपल्यावर, मी पुढचंही सांगते. या एकाच जंतूचे त्रास दोन आहेत आणि त्यांची विषंही वेगळी. जुलाबांचं विष जंतू आपल्या आतड्यात गेल्यावर तयार करतो, म्हणून त्याला सहा ते पंधरा तास लागतात. ते नाजूक असतं, नीट तापवलं तर मोडतं. उलट्यांचं विष मात्र जंतू पातेल्यातच तयार करून ठेवतो. ते भातातून आयतंच पोटात जातं, म्हणून अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या. याचं नाव सेरेयुलाइड. प्रयोगशाळेत १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी ते शाबूत राहतं.

‘आणि कढईत?’ मी विचारलं.

‘मोठी आच होती मॅडम.’

‘आच मोठी असते रे, भात नाही तापत तेवढा. दाण्यात पाणी आहे तोवर दाणा शंभराच्या फार वर जातच नाही. आचेने जंतू मेले. विष तसंच वाढलं गेलं, वर कांद्याची पात घालून.’

त्याने फाइलीत काहीतरी टिपून घेतलं. हार मानल्याची टीप नव्हती ती. पुढच्या मुद्द्याची तयारी होती.

‘पण मॅडम, हे तर स्टॅफिलोकॉकसलाही लागू आहे. तोही आधीच विष करून ठेवतो. ते विषही जात नाही. वेळ तीच, लक्षणं तीच. मग बॅसिलसच का?’

हा प्रश्न त्याने परीक्षेच्या आदल्या दिवशी विचारला असता तर मी वर्गापुढे त्याचं कौतुक केलं असतं. नुसत्या लक्षणांवरून ह्या दोघांत निवाडा करणं अवघडच आहे. डॉक्टरही करत नाहीत. निवाडा होतो तो त्या पदार्थाच्या दिवसभराच्या हालचालींवरून.

‘आचारी कुठून आणलास?’ मी विचारलं.

‘म्हणजे?’

‘प्रश्न वाच. भात आहे, पातेलं आहे, झाकण आहे, पाहुणे आहेत. ज्याचे हात धुतलेले नाहीत असा आचारी कुठे आहे?’

त्याने प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणाला, ‘भात आपोआप तर शिजणार नाही ना मॅडम. आचारी गृहीत आहे.’

‘आचारी गृहीत आहे. त्याचे हात नाहीत.’

स्टॅफिलोकॉकस माणसाच्या नाकात, त्वचेवर, पिकलेल्या जखमेत असतो. तो बीजाणू करत नाही, म्हणजे कवच घालून वाईट दिवस काढण्याची सोय त्याच्याकडे नाही. भात उकळला की तो मरतो. त्याला भातात यायचं तर शिजल्यानंतर, कोणाच्या तरी हातातून यावं लागेल. म्हणून त्याचे आवडते पदार्थ पाहा: क्रीमची पेस्ट्री, खव्याची मिठाई, कापून ठेवलेलं हॅम, हाताने मळलेलं आणि भरलेलं काहीही. झाकलेल्या पातेल्यातला भात त्याच्या वाटेवर नाही.

बॅसिलस सेरियसला कोणाच्या हाताची गरज नसते. तो मातीतला. शेतातून दाण्याबरोबर येतो, गिरणीतून जातो, तुमच्या डब्यात येऊन बसतो, आणि तांदूळ तीनदा धुतले तरी पुरता जात नाही. तांदूळ उकळला की त्याच्या जिवंत पेशी मरतात, पण बीजाणू तग धरतात. एवढंच नाही, उकळीच्या धगीने ते जागे होतात. भोवतीचे बाकीचे जंतू मेलेले, भात ऊन आणि ओलसर, झाकण लावलेलं. याहून चांगलं घर त्यांना कोण देणार?

‘हिशेब कर,’ मी म्हटलं. हिशेब म्हटल्यावर तो लगेच पुढे सरकला. एका ग्रॅम भातात शंभर जंतू जागे झाले असं धर. कोमट भातात दर अर्ध्या तासाला ते दुप्पट होतात असं धर. अनुकूल ऊब मिळाली तर त्याहूनही लवकर होतात. पाच तासांत दहा वेळा दुप्पट. दहा वेळा दुप्पट म्हणजे हजारपट. शंभराचे लाख झाले. एका ग्रॅममध्ये लाखाच्या आसपास आणि वर गेलं की तो भात धोक्याचा समजतात. आपल्या प्रश्नात मधले तास नऊ होते.

‘पण मॅडम, पातेलं तासाभरात गार होईल की. मग वाढ थांबेल.’

आता मात्र मी उठले. सुदैवाने त्या दिवशी प्रॅक्टिकलच्या किचनमध्ये दीडशे मुलांचा भात शिजला होता. मी शेफला विचारून एक भरलेलं पातेलं न वाढता झाकून ठेवायला लावलं आणि याच्या हातात प्रोब थर्मामीटर दिला. अडीच तासांनी आम्ही झाकण काढलं. पातेलं बाहेरून कोमट लागत होतं, हात सहज ठेवता येत होता. याने सुई कडेला, पत्र्याजवळ टोचली: चाळीसच्या खाली. मग मनगटापर्यंत हात घालून मध्यभागी: साठीच्या वर. त्याने सुई काढली, पुसली, पुन्हा टोचली. आकडा बदलला नाही. थर्मामीटरशी वाद घालता येत नाही हे त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा उमटलेलं मी पाहिलं.

खोल पातेल्यातला भात हा असा निवतो. कडेचा थर आधी जंतूंच्या आवडीच्या उबेत येतो, मग आतला, मग त्याच्या आतला. प्रत्येक थर आपापल्या वेळी त्या उबेत तासन् तास बसतो, आणि मधला तर संध्याकाळी. फ्रीजमध्ये तसंच पातेलं ढकललं तरी मधल्या भाताला फ्रीज लागल्याचं कित्येक तास कळत नाही. म्हणून मोठ्या हॉटेलांत भात पातेल्यात गार करत नाहीत. उथळ ट्रेमध्ये दोन-अडीच इंचांहून कमी थर पसरतात आणि ब्लास्ट चिलरमध्ये सारतात. अमेरिकेच्या अन्नसंहितेतला नियम असा आहे की शिजवलेलं अन्न ५७ अंशांवरून २१ वर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत आलं पाहिजे. पहिल्या टप्प्याला कमी वेळ का? कारण जंतूंची खरी दौड त्याच टप्प्यात असते.

‘मग सगळे भात बाहेर का ठेवतात?’ त्याने विचारलं. हे मार्कांशी संबंध नसलेलं त्याचं मला आठवणारं पहिलं वाक्य.

कारण ताज्या, ऊन भाताचा फ्राइड राइस चिकट होतो. दाणा मोकळा हवा असेल तर भात शिळा, निवलेला हवा. आणि फ्रीजमध्ये ठेवला तर गोळा होतो, मग मोडत बसा. ब्रिटनमध्ये १९७१पासून चिनी रेस्टॉरंटांतल्या फ्राइड राइसमुळे उलट्यांची प्रकरणं एकामागून एक उघडकीला आली, तेव्हा मुळाशी हीच सवय निघाली. भात मोठ्या प्रमाणावर उकडायचा, बाहेर ठेवायचा, गिऱ्हाईक येईल तसा चटकन परतायचा. आपल्याकडे संध्याकाळी कोपऱ्यावर लागणाऱ्या चायनीजच्या गाडीवर दुपारच्या भाताचं पातेलं असतं, ते काही वेगळं नाही. ट्रिपल राइस खाताना मी भाताकडे बघत नाही, झाकणाकडे बघते.

आता आजी. हा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण आजीविरुद्ध निकाल देणं कोणत्याही परीक्षकाला जड जातं. पण आजी सुटतात, आणि सबळ कारणांनी सुटतात. घरात रात्री उरतो तो दोन वाट्या भात. तो लहान भांड्यात, उथळ, तासाभरात निवतो. आत ऊब धरून बसेल एवढा तो जाडच नसतो. दुसरं, प्रत्येक बॅसिलस सेरियस उलट्यांचं विष करत नाही. त्यातल्या काही वाणांनाच ते जमतं. तिसरं, आजी उरलेल्या भातात कधी दही कालवून ठेवत असतील तर आंबटपणात या जंतूची वाढ अडते. आणि चौथं जरा नाजूक आहे. या उलट्या बहुतेक वेळा दिवसभरात थांबतात, कोणी दवाखान्यात जात नाही. घरात कोणाला सकाळी दहाला मळमळलं तर संशयित म्हणून आदल्या संध्याकाळची पाणीपुरी उभी राहते. फोडणीच्या भाताला आजवर कोणी उलटतपासणीला बोलावलेलं नाही.

‘म्हणजे आजी चूक?’

‘आजी बरोबर. फक्त आजी २० किलोचा करत नाही.’

‘मग खात्री कशी करायची? समजा खरंच झालं. कळणार कसं, हा की तो?’

आम्ही परत स्टाफरूमकडे चालत होतो आणि तो मागून विचारत होता. चांगल्या हॉटेलात बँक्वेटच्या प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना लेबल लावून दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवतात, तो याचसाठी. काही झालं तर तो नमुना प्रयोगशाळेत जातो. त्यात बॅसिलस मोजतात, पण नुसत्या मोजणीवर विसंबता येत नाही, कारण परतताना बरेच जंतू मेलेले असतात आणि आकडा फसवा लहान येतो. म्हणून विषच शोधावं लागतं, शक्य असेल तर वाढण्याआधीच्या भातातही आणि रुग्णाच्या उलटीतही. स्टॅफिलोकॉकसचा संशय असेल तर त्याचं विष तपासतात आणि स्वयंपाकघरातल्या माणसांच्या नाकातले, हातांवरचे नमुने घेतात.

‘तेव्हा आचारी येतो,’ तो म्हणाला.

‘तेव्हा येतो. नमुन्यात काही सापडलं तर. तू त्याला पुराव्याशिवाय फासावर चढवलास.’

यावर तो थोडा गप्प झाला. मला वाटलं, झालं. मी जागेवर बसले, चहा मागवला. तो उभाच.

‘मॅडम, विष उष्णतेने जात नाही, हे मला माहीत आहे हे तर आता सिद्ध झालं ना?’

‘झालं.’

‘तो प्रश्नाचा दुसरा भाग होता. एका मार्काचा.’

‘ते तू मेलमध्ये लिहिलंस. मार्क उत्तरपत्रिकेला असतात, मेलला नाहीत.’

‘अर्धा?’

मी त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर लाचारी नव्हती की उद्धटपणाही नव्हता. मंडईत कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभ्या असलेल्या माणसाचा असतो तसा, गंभीर आणि पूर्ण व्यावसायिक चेहरा होता. दहाची आठला मिळेल का, एवढाच त्याचा या विश्वाला प्रश्न.

मी त्याच्यासमोर उत्तर टाइप केलं: ‘प्रश्न ३ (आ) पुन्हा तपासला. जंतू चुकीचा. कारण चुकीचं आणि प्रश्नाबाहेरचं. गुण शून्य, बदल नाही. फुलीचा आकार पुढच्या वेळी लहान ठेवला जाईल.’ पाठव दाबल्याबरोबर त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने तिथेच उघडून वाचला आणि ‘थँक यू मॅडम’ म्हणून गेला. पाचवा मुद्दा मान्य झाल्याचं समाधान त्याच्या चालीत दिसत होतं.

पुढच्या सत्रात ही मुलं इंडस्ट्रियल ट्रेनिंगला गेली. याची नेमणूक एका मोठ्या हॉटेलच्या बँक्वेट किचनमध्ये झाली. महिन्याभरात तिथल्या शेफचा मला फोन आला. त्याने माझा नंबर कुठून मिळवला विचारायची गरज नव्हती. कोणीतरी त्याला माझा हवाला दिला असणार. शेफ म्हणाला, ‘मॅडम, तुमचं एक पोरगं आहे इथे. काल सातशे पॅक्सचं फंक्शन, आणि हा भाताच्या ट्रेसमोर थर्मामीटर घेऊन उभा. दोन तास होऊन गेले, सव्वीस अंश आहे, २१ झालेलं नाही म्हणतो. मी म्हटलं, जाऊ दे रे पाच अंश. तर म्हणतो, शेफ, काहीतरी गैरसमज झालाय.’

‘मग?’

‘मग काय, दोन ट्रे टाकले. नवा भात लावला. स्वतः ढवळला त्याने.’ शेफ थांबला. ‘पुढच्या वर्षी असे अजून दोन पाठवा. एकदम नको, दोनच.’

हा मुलगा मार्कांच्या बाबतीत असह्य आहे आणि अंशांच्या बाबतीत विकत न मिळणारा, असं माझं मत झालं आहे. ते मी त्याच्या ट्रेनिंगच्या अहवालात या शब्दांत लिहिलेलं नाही, कारण ते वाचून तो पहिल्या अर्ध्या वाक्यावर पुनर्विचार मागेल.

आज सकाळी त्याचा नवा मेल आला. ट्रेनिंगच्या काळातली त्याची हजेरी ७४.६ टक्के भरते आहे, ती ७५ धरावी अशी नम्र आणि अर्जंट विनंती आहे. तो मी ऑफिसकडे पाठवला आहे.